आधी पोट बघा, मग गोळी: डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातलं एक घर

अण्णांच्या घरून मला फोन आला तो झोपेची गोळी वाढवून हवी होती म्हणून. "चार रात्री डोळ्याला डोळा नाही, मॅडम. आंघोळीला नेलं की मारतात. काल माझ्या मनगटाला चावले," वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे अण्णांच्या सूनबाई. घरी जाऊन वृद्धांना तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि असा फोन मला महिन्यात तीन-चार वेळा तरी येतो. प्रत्येक वेळी मागणी गोळीचीच असते.

अण्णा 79 वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते. अल्झायमरचं निदान होऊन आठ वर्षं झाली होती. घरात मुलगा, सून आणि बारावीतली नात. (कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांच्या घरात दीड-दोन वर्षांत जे घडलं ते मी क्रमाने सांगणार आहे. घराबाहेर निघून जाणं, चिडणं, घास न गिळणं आणि सांभाळणाऱ्याचं मोडून पडणं ही आपल्याला चार वेगळी संकटं वाटतात. प्रत्यक्षात ती एकाच साखळीच्या कड्या असतात. एक कडी चुकीच्या जागी ओढली की पुढची ताणली जाते.

आधी आजाराबद्दल थोडं. अल्झायमर हा डिमेन्शियाचाच एक प्रकार. डिमेन्शियाला आपण स्मृतिभ्रंश म्हणतो, पण हे नाव जरा फसवं आहे. आठवण जाणं हा फक्त सुरुवातीचा भाग असतो. मेंदूच्या पेशी मरत जातात तसतशी भाषा जाते, मग अंतराचा आणि वेळेचा अंदाज जातो, मग हातापायांचं कौशल्य जातं आणि शेवटी गिळण्यासारखी, आपण कधी शिकलोच नाही असं वाटणारी क्रियाही विस्कटते. शेवटच्या टप्प्यात माणसाकडे जेमतेम पाच-सहा शब्द उरतात. नंतर चालणं सुटतं, मग आधाराशिवाय बसणं, मग हसणं. भावना मात्र बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत असतात. भीती, लाज, दुखणं, एखाद्याचा आवाज ऐकून बरं वाटणं, हे सगळं असतं. ते सांगायला शब्द नसतात एवढंच. मग शरीर सांगतं, ओरडून, मारून, उठून चालू लागून.

पहाटेची पहिली गाडी

त्या फोनच्या दीड वर्ष आधी अण्णा पहाटे चारला उठून दाराशी जाऊ लागले होते. दोनदा बाहेर पडलेही. दुसऱ्यांदा ते सापडले ते घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, एका बंद गॅरेजच्या मागे. भिंत आली म्हणून थांबले होते, नाहीतर चालतच राहिले असते.

घरच्यांच्या दृष्टीने हे 'भरकटणं' होतं. पण चार वाजता का, हे कोणी विचारलं नव्हतं. विचारल्यावर मुलालाच आठवलं: अण्णांची कितीतरी वर्षं पहाटेची पहिली गाडी असायची. चारला उठायचं, खाकी चढवायची, डेपोत जायचं. मेंदूतला अलीकडचा काळ पुसला गेला की जुना काळ वर येतो. अण्णांच्या लेखी ते भरकटत नव्हते, ड्यूटीवर निघाले होते. आणि दार अडवणारा मुलगा त्यांच्यासाठी मुलगा नव्हता, कोणीतरी परका होता जो त्यांची गाडी चुकवत होता.

अशा वेळी "अण्णा, तुम्ही रिटायर झालात" असं सांगून काही साधत नाही. ते त्यांना खोटं वाटतं आणि आवाज चढतो. आम्ही ठरवलं की वहिनींनी म्हणायचं, "गाडी अजून लागली नाही, चहा घेऊन जा." चहा पिता पिता पंधरा मिनिटं जायची आणि निघायची ऊर्मी ओसरायची. प्रत्येक वेळी नाही, पण दहातल्या सहा-सातदा. सकाळी उन्हं आल्यावर मुलगा त्यांना खरंच बाहेर नेऊन कोपऱ्यावरच्या बस थांब्यापर्यंत चालवून आणायचा. दिवसा चाललेलं शरीर रात्री जास्त झोपतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली. हे सगळं साधं वाटतं, पण नेमक्या कारणाला धरून केलेलं होतं म्हणून लागू पडलं. दुसऱ्या घरात कारण वेगळं असेल. एक आजी रोज संध्याकाळी पाचला निघायच्या, कारण तेव्हा त्यांची मुलं शाळेतून यायची. एक आजोबा फक्त संडास शोधत फिरत होते. त्यांच्या संडासाच्या दाराला भडक रंग दिला आणि रात्री आत दिवा लावून ठेवला, तेवढ्यावर फिरणं थांबलं.

दाराची कडी नेहमीच्या उंचीवरून काढून अगदी वर किंवा अगदी खाली बसवा. सरावाची जागा सोडून ते सहसा दुसरीकडे शोधत नाहीत. दाराला घुंगरू बांधा. पण माणसाला घरात एकटं ठेवून बाहेरून कुलूप लावू नका. आत गॅस असतो, आग लागू शकते. मुलाचा फोन नंबर आम्ही कापडाच्या पट्टीवर न जाणाऱ्या शाईने लिहून अण्णांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत शिवून टाकला. खिशातली चिठ्ठी आणि गळ्यातलं कार्ड ते काढून फेकायचे. वॉचमन, कोपऱ्यावरचा रिक्षा स्टँड आणि पानवाला यांना अण्णांचा ताजा फोटो दाखवून ठेवला.

आणि तरीही कोणी हरवलंच, तर आधी घर आणि जिना नीट बघा, पलंगाखाली आणि गच्चीवरसुद्धा. त्यात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. लगेच 112 ला फोन करा. चोवीस तास थांबायचं असतं ही समजूत चुकीची आहे आणि जिवावर बेतणारी आहे. नुसत्या हाका मारत फिरून भागत नाही, कारण या टप्प्यातला माणूस स्वतःच्या नावाला ओ देईलच असं नाही. दहा फुटांवर झुडपाआड बसलेला असतो आणि हाक ऐकूनही गप्प राहतो. म्हणून जवळचेच आडोसे, नाले, बांधकामं, बंद बोळ डोळ्यांनी बघत जायचं.

चार रात्रींचं ओरडणं

आता त्या फोनकडे येते. तोवर अण्णांचं चालणं आधारावर आलं होतं आणि बोलणं "नको", "आई गं", "चल" अशा मोजक्या शब्दांवर. मी पहिला प्रश्न विचारला तो झोपेचा नव्हता. "हे हळूहळू वाढत गेलं, की एकदम सुरू झालं?"

"गेल्या आठवड्यातच."

हा प्रश्न लक्षात ठेवा. डिमेन्शिया महिन्यामहिन्यांनी सरकतो. माणूस दोन-चार दिवसांत बदलला, तर डिमेन्शिया वाढला असं समजू नका, शरीरात काहीतरी नवं बिघडलं आहे असं समजा. लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, छातीत कफ, पाणी कमी पडणं, नवं औषध, पडल्यामुळे झालेलं न दिसणारं फ्रॅक्चर, दाढेचा गळू. आणि बऱ्याच वेळा, बद्धकोष्ठ.

"पोट साफ होतंय का?"

"उलट जुलाब होतायत. थोडं थोडं, पातळ, दिवसातून पाच-सहा वेळा. म्हणून जुलाब थांबायची गोळी आणली मेडिकलमधून."

इथे मला कारण दिसलं. अण्णांना दहा दिवसांपूर्वी सर्दीचं सिरप दिलं होतं. सर्दीच्या बऱ्याच औषधांनी आतड्याची हालचाल मंदावते आणि लघवीही अडते. शौच आत साठून दगडासारखं झालं होतं आणि त्याच्या कडेने पातळ पाणी तेवढं झिरपत होतं. घरच्यांना ते जुलाब वाटले. थांबायच्या गोळीने आतडं आणखी थिजलं. बोट घालून तपासलं तेव्हा गुदाशय खड्यांनी भरलेला होता. ओटीपोटात लघवीने फुगलेली पिशवी हाताला लागत होती. कल्पना करा, असं पोट घेऊन तुम्ही बसला आहात, सांगायला शब्द नाही, आणि कोणीतरी येऊन तुमचे कपडे काढतंय, अंगावर तांब्याने पाणी ओततंय. तुम्हीही माराल.

एनिमा दिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला, सर्दीचं औषध आणि जुलाबाची गोळी बंद केली. पोट मोकळं झाल्यावर लघवीही आपसूक सुटू लागली. नाहीतर नळी घालावी लागली असती. पुढे रोज मल मऊ ठेवणारं पातळ औषध सुरू केलं. आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं इसबगोल या टप्प्यावर टाळावं. त्याला भरपूर पाणी लागतं, ते हे लोक पीत नाहीत, आणि त्याचा लगदा घशात अडकू शकतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वहिनी रोज शौचाची खूण करू लागल्या. तीन दिवस खूण नाही म्हणजे मला फोन, एवढाच नियम.

दुखणं ओळखायची एक साधी पद्धत आहे. माणूस बोलत नसेल तर पाच गोष्टी बघायच्या: श्वास जड किंवा भराभर आहे का, कण्हणं-ओरडणं आहे का, चेहरा आक्रसलेला आहे का, मुठी आवळल्यात किंवा पाय पोटाशी घेतलेत का, आणि हात धरून बोललं तरी शांत होत नाहीये का. यातल्या दोन-तीन दिसल्या तर दुखतंय असं धरून चाला. नॉर्वेमधल्या वृद्धाश्रमांत केलेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डिमेन्शिया असलेल्या अस्वस्थ रुग्णांना ठरलेल्या पायऱ्यांनी वेदनाशामकं दिली, बहुतेकांना फक्त पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत अस्वस्थता लक्षणीय कमी झाली. अण्णांचे गुडघे झिजलेले होतेच, म्हणून वजन आणि यकृत बघून मी पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळांना सुरू केलं. 'लागेल तेव्हा' या सूचनेला इथे अर्थ नसतो, कारण लागतंय हे ते सांगणार नाहीत.

आंघोळही बदलली. रोज नको, आठवड्यातून दोनदा, तीही सकाळी अकराला, ऊन असताना. बाकी दिवशी कोमट पाण्यात पिळलेल्या पंचाने पुसून घ्यायचं. अंगावर एक मोठा टॉवेल कायम पांघरलेला, जो भाग पुसायचा तेवढाच उघडा. सुरुवात पायांपासून, डोक्यावर पाणी शेवटी किंवा नाहीच. एकाच माणसाने बोलायचं, आणि हात लावायच्या आधी सांगायचं: "अण्णा, आता उजवा पाय." आंघोळ केल्याशिवाय देवाजवळ जायचं नाही अशा घरात हे सोपं नसतं. वहिनींना ते पटायला महिना गेला.

पाचव्या दिवशी अण्णा रात्री पाच तास झोपले. गोळी न वाढवता.

गोळी घशात उतरते तेव्हा

पण साखळीची पुढची कडी तोवर ओढली गेली होती. मी पोहोचायच्या आधीच अण्णांना दोन गोळ्या सुरू होत्या, एक झोपेची आणि एक चिडचिड कमी करणारी. ही दुसरी मनोविकारांवर वापरली जाणारी औषधं आहेत. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण वाढतं, अशी ठळक चौकटीतली सूचना अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 मध्ये त्यावर छापायला लावली. याचा अर्थ ती कधीच देऊ नयेत असा नाही. माणूस भासांनी घाबरून जीव टाकत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला खरी इजा होत असेल, आणि वर सांगितलेली सगळी कारणं शोधून झाली असतील, तर मीही देते. सगळ्यात लहान मात्रेत, आणि कधी थांबवायची ती तारीख चिठ्ठीवरच लिहून. डिमेन्शियाचा एक प्रकार, लेवी बॉडीचा, असा आहे की त्यात या औषधांनी माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो. म्हणून प्रकार कोणता हे आधी बघावं लागतं.

मात्रा जास्त झाली हे कसं कळतं? लाळ गळायला लागते, मान छातीवर पडते, चाल लहान लहान पावलांची होते, दुपारी बारालाही डोळे उघडत नाहीत. अण्णांचं हेच झालं होतं. मी दोन्ही गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या. एकदम बंद केल्या तर उलटतात. त्या कमी होईपर्यंतच्या दिवसांत एके रात्री गुंगीतल्या अण्णांना उशीला टेकवून कप ओठाला लावून दूध पाजलं गेलं. "पोटात काही नाही म्हणून," वहिनी नंतर मला म्हणाल्या. दोन दिवसांनी ताप, धाप, छातीत घरघर. न्यूमोनिया. दूध श्वासनलिकेत गेलं होतं.

गिळणं ही साधी गोष्ट नाही. घास चावून त्याचा गोळा करायचा, जिभेने तो मागे ढकलायचा, त्याच क्षणी स्वरयंत्र वर उचलून श्वासाची वाट झाकायची. चावणं सोडलं तर हे सगळं एका सेकंदाच्या आसपास घडतं आणि मेंदूने वेळ अचूक साधावी लागते. डिमेन्शियात ही वेळ चुकते. गंमत अशी की पाणी सगळ्यात अवघड असतं. ते पातळ असतं, जीभ तयार व्हायच्या आत घशात धावतं. त्याखालोखाल अवघड म्हणजे आपला लाडका वरण-भात, जर वरण पातळ आणि भात मोकळा असेल तर. तोंडात दोन गोष्टी एकदम येतात, पातळ आधी निसटतं आणि शितं मागे राहतात. दूध-पोळीचंही तसंच. साबुदाणा चिकट, पोहे आणि चिवडा कोरडे, ते टाळूला बसतात. सोपं काय तर एकजीव आणि किंचित घट्ट: मूगडाळीचं खिमट, गुरगुट्या भात दह्यात मऊ कालवलेला, सैल शिरा, नाचणीची घट्टसर आंबील, भोपळ्याची गुळगुळीत भाजी. पळीतून सावकाश पडेल, धार लागणार नाही इतपत दाट. पाणी सरसकट दाट करायला लागू नका, त्याने माणूस पाणी प्यायचाच कमी होतो. पाण्याने ठसका लागतो का हे बघून, गिळणं तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टला विचारून ठरवा.

भरवायची पद्धत पदार्थाइतकीच महत्त्वाची. अण्णा हॉस्पिटलातून आल्यावर मी वहिनींना समोर बसवून तीन वेळा करून दाखवली. पहिली अट, माणूस पूर्ण जागा हवा. जागा नसेल तर ते जेवण सोडायचं, तासाभराने बघायचं. खुर्चीत ताठ बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी किंचित खाली. उभं राहून भरवलं की मान वर होते आणि श्वासाची वाट उघडी पडते, म्हणून आपण समोर त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. चहाचा चमचा, अर्धा भरलेला. खालच्या ओठाला चमचा टेकवायचा, तोंड आपोआप उघडतं. उघडलं नाही तर आपण "आ" करून दाखवायचं. मग थांबायचं. कंठमणी वर जाऊन खाली आला म्हणजे गिळलं. तो हलायच्या आधी दुसरा चमचा नाही. मध्येच "आ" करायला लावून गालात घास साठला नाही ना ते बघायचं. जेवणाला तीस-चाळीस मिनिटं लागतात, आणि त्यापुढे माणूस दमतो, गिळणं आणखी बिघडतं. आवाज पाण्यात बोलल्यासारखा ओला झाला, डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहू लागलं, तर थांबा. कधी कधी ठसका न लागताही घास चुकीच्या वाटेने जातो, म्हणून या बारीक खुणा महत्त्वाच्या. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवायचं आणि मऊ ब्रशने तोंड स्वच्छ करायचं. तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात जातात. कवळी असेल तर ती सैल झाली आहे का बघा. पांढरा भात पांढऱ्या ताटलीत दिसत नाही, गडद रंगाची ताटली घ्या.

नळी घालू का?

हॉस्पिटलात अण्णांच्या नाकातून नळी घातली होती आणि तशीच ठेवून घरी पाठवलं होतं. अण्णा ती उपसायचे. म्हणून हात कापडी पट्ट्यांनी पलंगाला बांधलेले. मी गेले तेव्हा ते छताकडे बघत मनगटं ओढत होते.

नळीबद्दल मी स्पष्ट बोलते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर किंवा बरा होणाऱ्या आजारात काही आठवड्यांसाठी नळीचा उपयोग असतो. पण डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात, नाकातून असो की पोटाला भोक पाडून, नळीने आयुष्य वाढतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. न्यूमोनियाही टळत नाही, कारण लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न नळी अडवू शकत नाही. वाढतं ते हात बांधणं, आणि त्यामुळे पाठीच्या जखमा. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2014 मध्ये अशा रुग्णांना नळीची शिफारस करू नये, त्याऐवजी हाताने सावकाश भरवावं असं लिहिलं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टन परिसरातल्या अभ्यासात शेवटच्या टप्प्यातल्या 323 रुग्णांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं होतं. त्यातल्या सुमारे 86 टक्क्यांना खाण्यापिण्याचा त्रास झाला. दीड वर्षात निम्म्याहून अधिक गेले. म्हणजे घास न जाणं हा सांभाळण्यातला दोष नसतो, या आजाराचा तो मार्ग आहे.

मुलगा म्हणाला, "म्हणजे आम्ही बापाला उपाशी ठेवायचं?"

मी त्याला सांगितलं की क्रम उलटा आहे. खात नाहीत म्हणून शरीर संपत नाही, शरीर संपत आलंय म्हणून खाणं कमी होतंय. भूकही मंदावते. चमचा रोज पुढे करायचा, त्यांना हवं तेवढं घेतील, तोंड फिरवलं की त्याचा मान ठेवायचा. वजन मोजणं थांबवायचं. आवडीची चव द्यायची. अण्णांना गुळाच्या चहाची चव लागायची, तो आम्ही थोडी तांदळाची पेज घालून दाट करून द्यायचो. नळी काढली त्या संध्याकाळी ते सहा चमचे प्याले. हे ऐकायला कमी वाटतं. पण हात सुटलेले होते आणि त्यांनी नातीचा हात धरला होता.

वहिनी

या सगळ्यात मी वहिनींना उशिरा बघितलं, ही माझी चूक. एक दिवस त्या मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, परवा मी अण्णांच्या हातावर फटका मारला. मग बाथरूममध्ये जाऊन बसले." आठ वर्षं त्या रात्रीतून तीनदा उठत होत्या. रक्तदाब तपासला तर 160 च्या वर. कंबरेत चमक होती, कारण अण्णांना त्या काखेत हात घालून उचलायच्या.

फटका मारणारी बाई वाईट असते असं मला वाटत नाही. ती झोप न मिळालेली बाई असते. 1999 च्या एका अमेरिकी अभ्यासात, आजारी जोडीदाराला सांभाळताना ताण येणाऱ्या वृद्धांचं चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण, ज्यांच्यावर ती जबाबदारी नव्हती त्यांच्यापेक्षा 63 टक्के जास्त आढळलं. त्यामुळे सांभाळणाऱ्याची झोप हाही उपचाराचाच भाग आहे, आणि मी तो चिठ्ठीवर लिहिते. लक्षणं अशी: बारीकसारीक गोष्टीवर रडू येणं, स्वतःची औषधं विसरणं, "ते गेले तर बरं होईल" असं मनात येणं आणि मग स्वतःची लाज वाटणं. हा शेवटचा विचार मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो, पण कोणी तो दुसऱ्याला सांगत नाही.

पुण्यातला धाकटा मुलगा आणि नणंद यांना बोलावून आम्ही बसलो. "काही लागलं तर सांगा" या वाक्यावर कोणाला उठू दिलं नाही, कारण थकलेल्या माणसाला काय लागतंय तेही सांगता येत नाही. ठरलं ते नेमकं होतं. महिन्यातून दोनदा शुक्रवार रात्र ते रविवार धाकट्याने इथे येऊन अण्णांना सांभाळायचं. अण्णांना पुण्याला न्यायचं नाही, कारण जागा बदलली की ते पुन्हा विस्कटले असते. रात्रीसाठी ब्युरोकडून मावशी ठेवायच्या, त्यांचे पैसे तिघांत. नणंदेने दर गुरुवारी दुपारी यायचं, त्या वेळी वहिनींनी घरात थांबायचं नाही. अण्णांना उचलण्याऐवजी खाली दुहेरी चादर टाकून दोघांनी सरकवायचं, हे मी सगळ्यांना शिकवलं. मन फारच भरून आलं तर सरकारच्या 14416 या मानसिक आरोग्याच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठीचा 14567 क्रमांक सोयी कुठे आहेत ते सांगतो. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

त्याच बैठकीत पुढचं ठरलं. पुन्हा न्यूमोनिया झाला तर हॉस्पिटल नाही, नळी नाही, छाती दाबणं नाही. ताप आणि धाप यांचा त्रास घरीच कमी करायचा. मी ते सगळं एका कागदावर लिहिलं आणि तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावला, म्हणजे मध्यरात्री घाबरून कोणी रुग्णवाहिका बोलावली तरी आधी तो दिसेल. अण्णा बोलत होते तेव्हाच त्यांना काय हवं हे विचारून लिहून ठेवलं असतं तर मुलांवर हा भार आला नसता. निदान नुकतं झालं असेल तर तुमच्या घरात हे अजून जमू शकतं.

अण्णा आणखी पाच महिने होते. मावशी आल्यापासून वहिनींचा रक्तदाब उतरला. एकदा त्या भाचीच्या लग्नाला जाऊन दोन दिवस राहूनही आल्या. शेवटच्या आठवड्यात अण्णांनी चमचा घेणं थांबवलं. मग गोळ्या बंद केल्या, पॅरासिटामॉल गुदद्वारावाटे द्यायला सुरुवात केली, धाप लागली तेव्हा मॉर्फिनचे अगदी लहान डोस. बाकी काम एवढंच उरलं की दर तासाला कोमट पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा ओठांवरून आणि जिभेवरून फिरवायचा, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची. शेवटच्या रात्री ते काम धाकट्या मुलाने केलं. वहिनी आतल्या खोलीत सलग सात तास झोपल्या होत्या. पहाटे चारच्या सुमाराला त्याने त्यांना उठवलं.